बाहेरचा धनको आणि कंपनीच्या घरातला गोंधळ: परीक्षेतल्या एका प्रश्नाचे पूर्ण उत्तर

कंपनी कायद्याच्या पेपरात इनडोअर मॅनेजमेंटवर, म्हणजे कंपनीच्या आतले सोपस्कार रीतसर झाले असे बाहेरच्याने धरून चालावे या अंतर्गत व्यवस्थापनाच्या तत्त्वावर, प्रश्न आला की निम्म्या उत्तरपत्रिका ‘रॉयल ब्रिटिश बँक विरुद्ध टर्क्वांड, १८५६’ या ओळीनेच उघडतात. खटला बरोबर असतो, जागा चुकलेली असते. टर्क्वांडपर्यंत जायचे की नाही हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवणारा मुद्दा अल्ट्रा व्हायर्सचा, म्हणजे अधिकारबाह्य कृत्याचा आहे. दोन्ही गोष्टी एकाच प्रश्नात आल्या की भल्याभल्यांची गल्लत होते, म्हणून नाशिकच्या मुलांना सरावाला मी मुद्दाम असा जोडप्रश्न देतो. त्यातल्या कंपन्या काल्पनिक आहेत, कायदा खरा आहे.

प्रश्न

नाशिकमध्ये नोंदणीकृत कार्यालय असलेली एक पब्लिक लिमिटेड कंपनी द्राक्षे आणि बेदाण्यांची खरेदी, प्रक्रिया, साठवण व निर्यात करते. तिच्या घटनापत्रकात एवढाच व्यवसाय आणि तो चालवण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी नमूद आहेत. नियमावलीनुसार ५० लाख रुपयांपर्यंतचे कर्ज संचालक मंडळ स्वतःच्या अधिकारात काढू शकते, त्यापुढच्या कर्जाला सर्वसाधारण सभेचा साधा ठराव लागतो. भरणा झालेले भांडवल आणि मुक्त राखीव निधी मिळून ३ कोटी रुपये आहेत, आधीचे कर्ज ९० लाख आहे.

कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकांनी सातपूरच्या एका खासगी कंपनीकडून दोन कर्जे घेतली. पहिले ८० लाखांचे, पिंपळगाव बसवंतजवळ शीतगृह उभारण्यासाठी. करारावर त्यांची आणि आणखी एका संचालकाची सही आहे, सोबत मंडळाच्या ठरावाची प्रमाणित प्रत आहे. सर्वसाधारण सभा मात्र कधी बोलावलीच नाही. दुसरे कर्ज ३० लाखांचे, सिंहस्थाला येणाऱ्या भाविकांसाठी त्र्यंबक रस्त्यावर लॉज बांधण्याकरिता. हे कारण कर्जाच्या अर्जात स्पष्ट लिहिलेले आहे, आणि त्यालाही मंडळाचा रीतसर ठराव आहे. या ३० लाखांतून ११ लाख द्राक्ष उत्पादकांची थकलेली बिले भागवण्यात गेले, ९ लाख एका वेगळ्या बँक खात्यात पडून आहेत, १० लाख आर्किटेक्टची फी आणि भाड्याच्या जागेवरचा मुरमाचा भराव यात संपले. पुढे मंडळ बदलले आणि नव्या मंडळाने दोन्ही कर्जे नाकारली. धनको कंपनीला काय मिळेल?

धनको मुद्दामच कंपनी ठेवला आहे. तो साधा माणूस असता, तर पब्लिक कंपनीने त्याच्याकडून घेतलेले पैसे ‘ठेव’ ठरतात का, हा वेगळाच वाद मध्ये शिरला असता. एका कंपनीने दुसऱ्या कंपनीकडून घेतलेली रक्कम ठेवींच्या नियमांतून वगळलेली आहे, त्यामुळे ती वाट इथे बंद आहे.

आधी कोणता सवाल

कर्ज नाकारणारी कंपनी दोन प्रकारे हात झटकू शकते. ‘हे काम आमच्या संचालकांच्या अधिकारात नव्हते’ हा एक प्रकार. ‘हे काम आमच्या कंपनीच्याच अधिकारात नव्हते’ हा दुसरा. ऐकायला दोन्ही सारखीच वाटतात, पण पहिल्या बचावावर टर्क्वांड चालतो आणि दुसऱ्यावर मुळीच चालत नाही. म्हणून प्रत्येक कर्जाला आधी दुसराच प्रश्न विचारायचा: कंपनीला हे करता येत होते का?

८० लाखांचे उत्तर सोपे आहे. साठवण हे घटनापत्रकातले उद्दिष्ट आहे, शीतगृह त्याचेच साधन, आणि व्यापार करणाऱ्या कंपनीला त्या व्यापारासाठी कर्ज काढण्याचा अधिकार गृहीतच धरला जातो. राहिला तो सभेच्या ठरावाचा घोळ, आणि तो नियमावलीतला आहे. ३० लाखांचे तसे नाही, तिथे घटनापत्रकच आडवे येते.

गंमत अशी की दिसायला उलटे आहे. ३० लाखांचे कर्ज ५० लाखांच्या मर्यादेत आहे, मंडळाचा ठराव आहे, सह्या आहेत, कागद चोख आहेत. ८० लाखांच्या कर्जात मात्र उघड उघड एक ठराव गायब आहे. घाईत वाचणारा ३० लाखांचे कर्ज वैध आणि ८० लाखांचे अवैध असे लिहून मोकळा होतो. कायद्याचे उत्तर नेमके उलट आहे.

ऐंशी लाख: ठराव झाला असेल, असे धरून चालण्याचा हक्क

घटनापत्रक आणि नियमावली निबंधकाकडे दाखल असतात, आणि कंपनी कायदा २०१३ च्या कलम ३९९ प्रमाणे शुल्क भरून कोणीही त्या पाहू शकतो. म्हणून कंपनीशी व्यवहार करणाऱ्याने त्या वाचल्या आहेत असे कायदा धरून चालतो, मग त्याने प्रत्यक्षात उघडून पाहिल्या असोत वा नसोत. विद्यार्थी ज्याला कन्स्ट्रक्टिव्ह नोटीस म्हणतात ती हीच. आपल्या धनकोला त्यामुळे ‘५० लाखांवर सभेचा ठराव लागतो’ हे माहीत होते असेच मानले जाईल. इथपर्यंत कायदा कंपनीच्या बाजूने आहे.

पण नियमावली वाचून त्याला कळते काय? संचालकांना ८० लाख काढताच येत नाहीत, असे नाही. सभेने परवानगी दिली तर येतात, एवढेच कळते. परवानगी दिली की नाही हे नियमावलीत लिहिलेले नसते, ते सभेच्या इतिवृत्तात असते, आणि इतिवृत्ताचे पुस्तक कंपनीच्या कपाटात असते. बाहेरच्याला ते मागून पाहण्याचा हक्क नाही.

टर्क्वांडच्या खटल्यात हेच होते. कंपनीच्या करारनाम्याप्रमाणे सर्वसाधारण सभा ठरावाने जेवढी रक्कम मंजूर करील तेवढेच कर्ज संचालकांना रोख्यावर काढता येत होते. संचालकांनी बँकेला २,००० पौंडांचा रोखा दिला, आणि कंपनीचे म्हणणे पडले की असा ठराव झालाच नाही. न्यायालयाने सांगितले की करारनामा वाचणाऱ्या बँकेला त्यात मनाई दिसली नसती, काही अटींवर दिलेली परवानगी दिसली असती. मग त्या अटी पाळल्या गेल्या आहेत असे धरून चालण्याचा बँकेला हक्क होता. कंपनी बांधली गेली. भारतात अलाहाबाद उच्च न्यायालयाने लक्ष्मीरतन कॉटन मिल्स विरुद्ध जे. के. ज्यूट मिल्स या खटल्यात कर्जाच्या बाबतीत हाच नियम लावला. तिथे मंडळाच्या ठरावाचाच पत्ता नव्हता, तरी कर्ज कंपनीवर बंधनकारक ठरले.

इथे हुशार विद्यार्थी एक शंका काढतो. कलम १७९(३) प्रमाणे कर्ज काढण्याचा मंडळाचा ठरावसुद्धा पब्लिक कंपनीला कलम ११७ खाली निबंधकाकडे दाखल करावा लागतो. मग त्याचीही कन्स्ट्रक्टिव्ह नोटीस लागू होईल का? नाही. कलम ११७(३)(छ) च्या परंतुकातच म्हटले आहे की असे मंडळाचे ठराव कलम ३९९ खाली कोणाला पाहता येणार नाहीत की त्यांच्या प्रती मिळणार नाहीत. म्हणजे कागद निबंधकाकडे असतो, पण बाहेरच्याला बंद असतो. जे पाहण्याची सोयच नाही त्याची नोटीस कोणाच्या माथी मारता येत नाही. दाखल होणे आणि लोकांना खुले असणे यात हा फरक आहे, आणि उत्तरात तो एका वाक्यात आला तरी तपासणारा मान वर करून पाहतो.

८० लाखांचा निकाल म्हणून धनकोच्या बाजूने लागेल, व्याजासकट. सभा झाली नाही हा कंपनीचा घरचा प्रश्न, त्याचा जाब कंपनीने संचालकांना विचारावा. खोट्या सहीला टर्क्वांड लागत नाही हा अपवाद आणि तो सांगणारा रुबेनचा खटला इथे ओढून आणू नयेत. प्रमाणित प्रत खरी आहे, सही करणारे खरे संचालक आहेत. पाठ केले आहे म्हणून लिहिणे आणि लागते म्हणून लिहिणे यातला फरक तपासणाऱ्याला पहिल्या ओळीत कळतो.

तीस लाख: इथे टर्क्वांड लागत नाही

लॉज चालवणे द्राक्ष कंपनीच्या उद्दिष्टांत नाही. ‘व्यवसायाला लागणाऱ्या गोष्टी’ या शब्दांत ते बसवता येईल का? निर्यातीसाठी येणाऱ्या खरेदीदारांना उतरायला कारखान्याच्या आवारात चार खोल्या बांधल्या असत्या तर वाद घालता आला असता, आणि मी स्वतः कंपनीच्या बाजूने घातला असता. सिंहस्थाच्या भाविकांना खोल्या भाड्याने देणे मात्र बेदाण्याच्या धंद्याला कुठल्याच बाजूने पूरक नाही. तो स्वतंत्र धंदा आहे.

अ‍ॅशबरी रेल्वे कॅरेज विरुद्ध रिच या १८७५ च्या निकालापासून नियम ठरलेला आहे. उद्दिष्टांबाहेरचा करार मुळातच शून्य असतो, आणि सगळ्या भागधारकांनी एकमताने हात वर केले तरी त्यात जीव येत नाही. भारतात लक्ष्मणस्वामी मुदलियार विरुद्ध आयुर्विमा महामंडळ या १९६३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच नियम विमा कंपनीने दिलेल्या २ लाखांच्या देणगीला लावला. भागधारकांच्या सभेचा ठराव होता, तरी देणगी अधिकारबाह्य ठरली आणि संचालकांवर ती रक्कम भरून देण्याची जबाबदारी आली. ८० लाखांच्या कर्जाला कंपनी आजही सभा घेऊन मान्यता देऊ शकते. ३० लाखांच्या कर्जाला तशी मान्यता देता येत नाही. उद्या कलम १३ खाली विशेष ठराव करून उद्दिष्टांत लॉज घातले, तरी तो बदल पुढच्या व्यवहारांना लागू होईल, झालेल्या कर्जाला नाही.

कर्ज काढणे ही साधी शक्ती आहे, ती स्वतःहून अधिकारबाह्य कशी ठरते, असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर री इंट्रोडक्शन्स लिमिटेड या १९६० च्या दशकाअखेरच्या इंग्लिश खटल्यात आहे. परदेशी पाहुण्यांना सोयी पुरवण्यासाठी निघालेली कंपनी पुढे डुकरे पाळू लागली आणि त्या धंद्यासाठी तिने बँकेचे कर्ज घेतले. घटनापत्रकात कर्ज काढण्याचे कलम होते. न्यायालय म्हणाले, कर्ज काढणे हे स्वतंत्र उद्दिष्ट होऊ शकत नाही, ते कुठल्यातरी वैध उद्दिष्टासाठीच काढायचे असते. बँकेला डुकरांचे माहीत होते, म्हणून बँक हरली.

शेवटच्या वाक्यातले ‘माहीत होते’ फार मोलाचे आहे. धनकोला कारण माहीत नसते तर? री डेव्हिड पेन या १९०४ च्या निकालाप्रमाणे व्यापारी कंपनीला कर्ज देणाऱ्याने पैशाच्या मागे धावत तो कुठे खर्च होतो हे पाहत बसायचे नसते. अर्जात नुसते ‘व्यवसायासाठी’ असे लिहिले असते आणि पैसे नंतर लॉजकडे वळवले असते, तर ३० लाखसुद्धा वसूल झाले असते. आपल्या प्रश्नात ‘हे कारण अर्जात स्पष्ट लिहिलेले आहे’ ही ओळ आहे. सगळा निकाल त्या एका ओळीवर फिरतो, आणि घाईत नेमकी तीच वाचायची राहते.

करार गेला, मग पैसे कसे काढायचे

करार शून्य म्हटल्यावर कर्ज म्हणून दावा चालत नाही आणि व्याजाचे कलमही त्याच्याबरोबर जाते. पण कंपनीने फुकटचा फायदा घेऊन बसावे असेही कायद्याला वाटत नाही. म्हणून पैशाचे तीन तुकडे वेगळे पाहायचे.

बँक खात्यातले ९ लाख सरळ आहेत. पैसे ओळखता येतात, दुसऱ्या पैशांत मिसळलेले नाहीत, म्हणून धनको त्यांचा माग काढून ते परत मागू शकतो आणि ते वापरू नयेत म्हणून मनाई हुकूमही घेऊ शकतो. खाते वेगळे आहे हे इथे धनकोचे नशीब. तेच पैसे कंपनीच्या रोजच्या चालू खात्यात पडले असते तर कोणते कोणाचे हे ठरवताना पुरती दमछाक झाली असती.

११ लाखांनी कंपनीची खरी देणी फिटली. निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदारांना ते पैसे कंपनीला द्यावेच लागणार होते, कंपनीच्या डोक्यावरचे कर्ज वाढले नाही, फक्त धनी बदलला. म्हणून धनको त्या बागायतदारांच्या जागी उभा राहतो आणि त्यांचे जेवढे येणे होते तेवढे मागू शकतो. याला सब्रोगेशन म्हणतात. यात एक अट असते. फिटलेले देणे स्वतः वैध असले पाहिजे. लॉजच्या कंत्राटदाराचे बिल भागवले असते तर हा मार्ग बंद होता, कारण ते बिलच अधिकारबाह्य कामाचे.

उरलेले १० लाख. आर्किटेक्टची फी गेली, मुरूम दुसऱ्याच्या जमिनीत गेला, कंपनीकडे ओळखता येईल असे काही उरले नाही. मग व्यवस्थापकीय संचालकांना वैयक्तिक धरायचे का? विद्यार्थी इथे वीक्स विरुद्ध प्रॉपर्ट, १८७३ लिहितात. त्या खटल्यात रेल्वे कंपनीच्या संचालकांनी कर्जरोख्यांची जाहिरात दिली, वीक्सने ५०० पौंड दिले, आणि कर्जाची मर्यादा आधीच संपलेली निघाली. अधिकार असल्याची हमी देऊन ती मोडली म्हणून संचालक स्वतः जबाबदार ठरले. पण तिथे मर्यादा संपली आहे की नाही ही वस्तुस्थिती होती आणि बाहेरच्याला ती कळण्याचा मार्ग नव्हता. इथे लॉज उद्दिष्टांत नाही हे घटनापत्रकाच्या तोंडावरच लिहिलेले आहे, आणि धनकोने ते वाचले असे कायदा धरतो. स्वतःला जे माहीत होते त्याबद्दल आपली फसवणूक झाली, असे त्याला म्हणता येणार नाही. माझ्या मते हा दावा पडेल. करार कायद्याच्या कलम ६५ चा पर्याय मांडून ठेवावा, पण त्या कलमातले ‘करार शून्य असल्याचे आढळून आल्यावर’ हे शब्द इथेही त्याच दगडाला ठेचकाळतात: ज्याला पहिल्या दिवसापासून माहीत होते असे धरले जाते, त्याला नंतर ‘आढळले’ कसे?

तेव्हा ३० पैकी २० लाख मिळतील, तेही कराराने नव्हे, तर या दोन आडवाटांनी.

प्रश्न थोडा फिरवला तर

समजा धनको कंपनीच्या एका संचालकाकडे द्राक्ष कंपनीचे २०० शेअर आहेत. भागधारकाला सर्वसाधारण सभेची सूचना जावीच लागते. सूचना आली नाही म्हणजे सभा झाली नाही, हे त्याला दिसत होते, आणि जो जाणतो किंवा ज्याला शंका यायला हवी होती त्याला टर्क्वांडचे छत्र मिळत नाही. हॉवर्ड विरुद्ध पेटंट आयव्हरी या १८८८ च्या खटल्यात संचालकांनी स्वतःच कंपनीला पैसे दिले, सभेची संमती नाही हे त्यांना माहीत होते, म्हणून कर्जरोखे १,००० पौंडांच्या मर्यादेपुरतेच वैध राहिले. त्याच न्यायाने आपल्या धनकोला ५० लाखांवर थांबावे लागेल असे द्राक्ष कंपनी म्हणेल. धनको उलट डेव्हिड पेनच दाखवेल. तिथे धनको कंपनीच्या एका संचालकाला खरे कारण माहीत होते, तरी ते तिला सांगण्याचे कर्तव्य त्याच्यावर नव्हते म्हणून त्याचे ज्ञान कंपनीचे ज्ञान मानले गेले नाही. आता पाहायचे ते एवढेच, की हे ८० लाख मंजूर करण्याचे काम त्याच संचालकाने केले होते का. केले असेल तर धनकोची बाजू लंगडी पडते.

दुसरा फेरफार लहान दिसतो आणि निकाल पालटून टाकतो. नियमावलीत ‘साधा ठराव’ऐवजी ‘विशेष ठराव’ लिहा. विशेष ठराव ३० दिवसांत एमजीटी-१४ या फॉर्मने निबंधकाकडे दाखल करावा लागतो, आणि मंडळाच्या ठरावासारखा तो लोकांपासून झाकलेला नसतो. धनकोने शोध घेतला असता तर तो नाही हे दिसले असते. मग ‘झाला असेल’ असे धरून चालायला जागाच उरत नाही. प्रिव्ही कौन्सिलने आयर्विन विरुद्ध युनियन बँक ऑफ ऑस्ट्रेलिया या १८७७ च्या निकालात टर्क्वांडला याच कारणाने बाजूला ठेवले होते.

तिसरा फेरफार कायद्यातूनच येतो. भांडवल आणि राखीव निधी ३ कोटींऐवजी दीड कोटीच असते, तर ९० लाखांवर ८० लाख चढल्याबरोबर कलम १८०(१)(ग) ची मर्यादा ओलांडली असती आणि नियमावलीत काहीही असले तरी विशेष ठराव लागला असता. द्राक्ष कंपनी पब्लिक आहे म्हणून हे कलम तिला लागते, खासगी कंपन्यांना २०१५ च्या अधिसूचनेने त्यातून सूट आहे. मर्यादेबाहेरच्या कर्जाबद्दल कलम १८०(५) सांगते की ते वैध नाही, पण धनकोने सद्‌हेतूने आणि मर्यादा ओलांडल्याचे माहीत नसताना पैसे दिले हे त्याने सिद्ध केले तर वैध. टर्क्वांडमध्ये धनकोला जाणीव होती हे कंपनीने दाखवायचे असते, इथे जाणीव नव्हती हे धनकोने दाखवायचे. आधीची कर्जे किती आहेत हे त्याने विचारले होते का, शेवटचा ताळेबंद मागितला होता का, कंपनीकडून लेखी खुलासा घेतला होता का, असे कागद तो न्यायालयापुढे ठेवू शकला तरच हा दरवाजा त्याच्यासाठी उघडेल.